शिळं हँडल

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिला फोन आला, "सर्व्हर गेलाय." मागोमाग दुसरा, तिसरा. मी सर्व्हरच्या खोलीतच होतो. सर्व्हर कुठेही गेला नव्हता, छान घरघरत होता. त्याच्या पडद्यावर कामाचा फोल्डर उघडून पाहिला तर सगळ्या फायली जागच्या जागी. नावं तीच, तारखा त्याच, परवानग्या त्याच. पलीकडच्या हॉलमध्ये मात्र अकरा मशीनवर एकच ओळ झळकत होती:

```
ls: cannot access '/kaam': Stale file handle
```

"स्टेल म्हणजे शिळं ना?" एका मॅडमनी विचारलं. "फाइल शिळी कशी होते?"

प्रश्न बरोबर होता, फक्त शिळी झाली होती ती फाइल नव्हे. आणि ती शिळी करणारा मीच होतो, पण हे कळायला मला पुढचा पाऊण तास लागला.

आमचं पुण्यातलं ऑफिस इमारतींचे सांगाडे डिझाइन करतं. गणितं करायला चौदा लिनक्स मशीन आहेत आणि सगळ्यांच्या फायली एका सर्व्हरवर राहतात. सर्व्हर आपला `/srv/kaam` हा फोल्डर नेटवर्कवर खुला करतो, त्याला एक्सपोर्ट म्हणतात. प्रत्येक मशीन तो आपल्याकडे `/kaam` या नावाने जोडून घेतं, त्याला माउंट म्हणतात. एकदा माउंट झालं की बसणाऱ्याला तो फोल्डर आपल्याच मशीनमधला वाटतो. ही देवाणघेवाण ज्या पद्धतीने चालते तिचं नाव एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती १९८०च्या दशकाच्या मध्यावर आणली. आमची मशीन तिच्या तिसऱ्या आवृत्तीवर चालत होती. ती आवृत्ती १९९५ची असली तरी अजून हजारो ऑफिसांत निमूटपणे राबते आहे.

सर्व्हरची चार टेराबाइटची डिस्क भरत आली होती. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी आठ टेराबाइटची नवी डिस्क बसवली, तिच्यावर नवी ext4 फाइलसिस्टिम तयार केली आणि सगळा मजकूर फाइल-बाय-फाइल उतरवला. मग एनएफएसची सेवा थांबवून शेवटचा फरक पुन्हा एकदा उतरवला, जुनी डिस्क काढली, नवी त्याच जागी `/srv/kaam` वर लावली आणि सेवा सुरू केली. एक्सपोर्टच्या यादीतली ओळ बदलण्याची गरजच नव्हती, कारण फोल्डरचं नाव तेच होतं:

```
/srv/kaam 192.168.10.0/24(rw,sync,no_subtree_check)
```

फायलींची संख्या जुळवली, दोन-चार मोठ्या फायली उघडून पाहिल्या आणि घरी गेलो. जुनी डिस्क खणात ठेवली. ती पुसली नाही, हे त्या शनिवारी माझ्या हातून घडलेलं एकमेव शहाणपण.

सोमवारी मला सर्वांत जास्त छळलं ते उरलेल्या तीन मशीननी. चौदापैकी अकरा बंद पडलेली आणि तीन अगदी व्यवस्थित चालणारी. तिन्ही वेगवेगळ्या टेबलांवर, वेगवेगळ्या केबलवर. मी आधी नेटवर्कचा स्विच तपासला, मग परवानग्या, मग एक्सपोर्टची यादी. शेवटी त्या तिघांना विचारलं, "तुम्ही वेगळं काय केलंत?" तिघांचं उत्तर सारखंच. शनिवारी जाताना त्यांनी मशीन बंद केलं होतं. बाकीच्यांची मशीन शनिवार-रविवारभर चालूच होती. तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ज्यांनी मुंबई-पुण्यात जुन्या सोसायटीचा पुनर्विकास अनुभवलाय त्यांना हे लगेच उमजेल. प्लॉट तोच, फाटकावरची पाटी तीच, तुमचा फ्लॅट नंबरही तोच असू शकतो. पण जुनी इमारत पाडून नवी उभी राहिली की जुन्या दाराची किल्ली नव्या दाराला लागत नाही. पत्ता बरोबर असतो, किल्ली खोटी नसते, तरी दार उघडत नाही.

एनएफएसमध्ये ही किल्ली म्हणजे फाइल हँडल. आपल्याला वाटतं की `/kaam/pul/ganit.dat` उघडताना मशीन दरवेळी सर्व्हरला हे नाव सांगत असेल. तसं होत नाही. माउंट करताना मशीन एकदाच विचारतं, "`/srv/kaam` कुठे आहे?" सर्व्हर त्याला बाइट्सची एक छोटी पुरचुंडी देतो. दुसऱ्या आवृत्तीत ती नेमकी ३२ बाइट्सची असायची, तिसऱ्या आवृत्तीत जास्तीत जास्त ६४. हे मुळाचं हँडल. त्यानंतर मशीन म्हणतं, "या हँडलच्या फोल्डरात `pul` नावाचं काय आहे?" सर्व्हर `pul` चं हँडल देतो. मग त्यातल्या `ganit.dat` चं. एकदा हँडल हाती आलं की वाचणं, लिहिणं, आकार विचारणं, सगळं हँडलवर चालतं आणि नाव मागे पडतं. त्या बाइट्समध्ये काय लिहिलंय हे मशीनला कळत नाही, कळण्याची गरजही नाही. ते फक्त जपून ठेवायचं आणि दाखवायचं.

सर्व्हर मात्र ते वाचतो. लिनक्सच्या सर्व्हरवर त्यात ढोबळमानाने तीन गोष्टी असतात. पहिली, ही कुठली फाइलसिस्टिम आहे याची खूण. बहुतेक वेळा ती फाइलसिस्टिमचा यूयूआयडी असते, म्हणजे ती तयार होताना तिला दिला जाणारा १६ बाइट्सचा, व्यवहारात दुसऱ्या कुणाचा नसलेला क्रमांक. दुसरी, त्या फाइलसिस्टिममधला फाइलीचा आयनोड नंबर, म्हणजे डिस्कच्या आतल्या नोंदवहीतला तिचा अनुक्रमांक. तिसरी, त्या आयनोडची पिढी. तिच्याकडे मी थोड्या वेळाने येतो. एक्सपोर्टच्या मुळाच्या हँडलमध्ये तर आयनोडही नसतो. आमच्यासारखी अख्खी डिस्क एक्सपोर्ट केलेली असेल तर मुळाची ओळख म्हणजे निव्वळ तो यूयूआयडी.

आता शनिवारी मी काय केलं ते पाहा. नवी ext4 तयार केली, म्हणजे नवा यूयूआयडी जन्माला आला. फायली उतरवल्या, म्हणजे प्रत्येक फाइलीला नव्या वहीत नवा अनुक्रमांक मिळाला. माणसाला दिसणारं सगळं तेच ठेवलं आणि हँडलमध्ये लिहिलेलं सगळं बदललं. सोमवारी अकरा मशीननी शनिवारचं हँडल पुढे केलं. सर्व्हरने त्यातला यूयूआयडी वाचला, आपल्या एक्सपोर्टमध्ये शोधला, सापडला नाही आणि सांगितलं, "हे शिळं आहे." बंद करून पुन्हा चालू केलेल्या तीन मशीननी नव्याने माउंट केलं होतं, त्यामुळे त्यांच्या हाती नव्या इमारतीची किल्ली होती.

इतका आडमुठेपणा कशाला, असं त्या दिवशी मलाही वाटलं. नाव तेच आहे, तर सर्व्हरने समजून घ्यायला काय हरकत होती? याचं उत्तर पिढीच्या त्या आकड्यात आहे.

सनच्या अभियंत्यांनी १९८५च्या उन्हाळ्यात यूझनिक्सच्या परिषदेत एनएफएसवर निबंध वाचला. त्यांनी एक ठाम निर्णय घेतला होता: कुठल्या मशीनने काय उघडलंय याची नोंद सर्व्हर ठेवणार नाही. त्यामुळे सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला तरी त्याला काही आठवावं लागत नाही, कारण मशीन जे हँडल दाखवेल त्यातच सगळं असतं. पण या सोयीतून एक अडचण निघाली. समजा मी एका फाइलीचं हँडल धरून बसलोय आणि दरम्यान दुसऱ्या कुणी ती पुसली. तिचा आयनोड नंबर मोकळा झाला. यंत्र काटकसरी असतं, तोच नंबर ते पुढच्या नव्या फाइलीला देतं. आता मी माझं जुनं हँडल दाखवून लिहायला लागलो, तर माझ्या पुलाचे आकडे दुसऱ्याच्या पगारपत्रकात जाऊन पडतील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून त्यांनी आयनोडमध्ये पिढीचा आकडा घातला. नंबर दुसऱ्या फाइलीला गेला की पिढी बदलते, आणि हँडलमधली पिढी जुळली नाही की सर्व्हर नकार देतो. फाइलसिस्टिमलाही ओळखक्रमांक हवा, हेही त्यांनी तेव्हाच ठरवलं.

पुनर्विकासाच्या भाषेत बोलायचं तर नव्या इमारतीतला तीन नंबरचा फ्लॅट कदाचित दुसऱ्याच कुटुंबाला मिळालेला असेल. जुनी किल्ली तिथे लागली असती तर मध्यरात्री आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभे असतो. तेव्हा किल्ली न लागणं हेच बरं.

याच रचनेतून आणखी एक गोष्ट निघते आणि लोक तिच्यात हमखास गोंधळतात. सर्व्हर बंद असताना मशीन तक्रार न करता थांबून राहतं. नेहमीच्या माउंटमध्ये प्रोग्रॅम जिथे आहे तिथे गोठतो आणि मशीनच्या नोंदीत अशी ओळ उमटते:

```
nfs: server bhandar not responding, still trying
```

सर्व्हर परत आला की काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. शनिवारी सेवा बंद होती तेवढा वेळ आमची अकरा मशीन अशीच ताटकळली. पण "उत्तर येत नाही" आणि "उत्तर आलं, ते नाही असं आहे" यांत फरक आहे. पहिल्यात वाट पाहायची असते. शिळं हँडल हा स्पष्ट नकार आहे. तो मिळाल्यावर मशीन वाट पाहत नाही, चूक थेट प्रोग्रॅमच्या हातात देतं. लिनक्सवर त्या चुकीचा क्रमांक ११६ आणि नाव `ESTALE`. प्रोग्रॅम नीट लिहिलेला असेल तर तो ओरडतो. नसेल तर लिहिल्याच्या भ्रमात पुढे जातो आणि आकडे हवेत विरतात.

आता सोमवारच्या सकाळकडे परत. कारण कळलं होतं, उपायही ठाऊक होता: `/kaam` सोडायचा आणि पुन्हा जोडायचा. हॉलमध्ये तोवर कुणीतरी आणखी सोपा उपाय शोधला होता. "रीस्टार्ट केलं की चालतंय!" खरंच चालत होतं. दोघांनी करूनही टाकलं. तेवढ्यात मघाच्या मॅडम म्हणाल्या, "माझं करू नका. गुरुवारपासून गणित चालू आहे."

त्यांच्या मशीनवर एका उंच इमारतीच्या कंपनांचं विश्लेषण चालू होतं. ते टप्प्याटप्प्याने चालतं. एकेका टप्प्याला दीड-दोन दिवस लागतात, मधल्या काळात सगळं काम मेमरीत होतं आणि टप्पा संपला की निकाल एका फाइलीत लिहिला जातो. ती फाइल सुरुवातीलाच उघडलेली असते. खिडकीत दिसत होतं की शेवटचा टप्पा शनिवारी दुपारी लिहिला गेला, म्हणजे मी डिस्क बदलण्याच्या काही तास आधी. पुढचा टप्पा सोमवारी दुपारी संपणार होता. त्या प्रोग्रॅमला अजून काही माहीत नव्हतं. त्याच्या हातात शनिवारचं हँडल होतं आणि दुपारी तो ते घेऊन लिहायला जाणार होता. तिथे त्याला ११६ नंबरची चूक मिळाली असती आणि चार दिवसांचं गणित गेलं असतं. `/kaam` पुन्हा माउंट करूनही त्याचा उपयोग नव्हता, कारण उघडलेली फाइल जुन्याच माउंटला चिकटून राहते.

मग मला खणातली डिस्क आठवली.

सर्व्हर हँडल वाचून जागा शोधतो ती यूयूआयडीवरून, नावावरून नाही. तर मग जुनी फाइलसिस्टिम कुठल्याही नावाने परत लावली आणि एक्सपोर्ट केली, तरी जुनं हँडल तिला सापडायला हवं. मी जुनी डिस्क सर्व्हरला जोडली, ती `/srv/juna` इथे लावली आणि `blkid` ने दोन्ही डिस्कचे यूयूआयडी वेगळे असल्याची खात्री केली. मग यादीत फक्त मॅडमच्या मशीनपुरती एक ओळ वाढवली:

```
/srv/juna 192.168.10.23(rw,sync,no_subtree_check)
```

`exportfs -ra` दिलं आणि त्यांच्या मशीनवर `ls /kaam` केलं. फोल्डर उघडला. त्या मशीनच्या लेखी तो `/kaam` होता, सर्व्हरच्या लेखी `/srv/juna`, आणि दोघांचा मेळ घालणारं होतं ते गुरुवारपासून जपलेलं हँडल. मॅडमना सांगितलं, गणित संपेपर्यंत या मशीनवर दुसरं काहीही करू नका, कारण तुम्ही आत्ता शनिवारच्या जगात आहात. दुपारी तीनच्या सुमाराला निकाल लिहिला गेला. ती एक फाइल मी नव्या डिस्कवर उतरवली आणि जुनी डिस्क पुन्हा खणात गेली.

ही युक्ती सगळ्यांसाठी वापरता आली असती का? तत्त्वतः हो. सोमवारी सगळ्यात आधी जुनीच डिस्क परत `/srv/kaam` वर लावली असती तर अकराच्या अकरा मशीन जागेवर शुद्धीवर आली असती. पण तोवर चालू असलेल्या मशीननी तासभर नव्या डिस्कवर काम केलं होतं. जुनी परत आणली असती तर त्यांची हँडल शिळी झाली असती आणि दोन डिस्कवरची कामं पुढे हाताने जुळवत बसावं लागलं असतं. आणखी एक मर्यादा आहे. ज्या प्रोग्रॅमने आधीच लिहायचा प्रयत्न करून नकार पचवला होता, तो जुनी डिस्क येऊनही सावरत नाही. त्या फाइलीवर मशीन स्वतःच "शिळी" असा शिक्का मारून ठेवतं. एका मुलाची रविवारभराची नोंद अशीच गेली. त्याची माफी मागण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

बाकीची मशीन सोडवणं सोपं होतं पण कंटाळवाणं. मुळाचंच हँडल शिळं असल्यामुळे मशीनला सुरुवात करायलाच जागा नसते. आतली एखादी फाइल शिळी झाली तर हल्लीचं लिनक्स वरून नाव शोधत पुन्हा येऊ शकतं, मुळाबाबत ती सोय नाही. म्हणून सोडून पुन्हा जोडणं आलंच:

```
umount /kaam
mount /kaam
```

पहिल्याच ओळीला बहुतेक ठिकाणी `target is busy` असं उत्तर मिळालं. कुणाची तरी फाइल उघडी होती, कुणाची टर्मिनलची खिडकी त्या फोल्डरात उभी होती. एकेकाला विचारून प्रोग्रॅम बंद केले. दोन हट्टी मशीनवर `umount -l` वापरलं. हे माउंट नजरेआड करतं, पण ते धरून बसलेल्या प्रोग्रॅमना सोडवत नाही, ते जुन्याच अंधारात चाचपडत राहतात. गरज असेल तेव्हाच वापरण्याजोगं औषध. त्यानंतरही एकाची तक्रार आली, "माझ्याकडे अजून तसंच आहे." त्याची टर्मिनलची खिडकी जुन्या झाडावरच बसलेली होती. `cd ~` आणि मग `cd /kaam` एवढ्याने भागलं. जिथे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालतात तिथे याच दुखण्याचा मोठा भाऊ भेटतो. बाहेर पुन्हा माउंट केलं तरी कंटेनरच्या आत सहसा जुनंच माउंट राहतं, आणि तो कंटेनर बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय सुटका होत नाही. बाहेर सगळं ठीक दिसतं आणि आत शिळं, त्यामुळे माणसं तासन् तास भलतीकडे शोधतात.

डिस्क न बदलताही हे घडू शकतं, आणि माझ्या अनुभवात तसंच जास्त वेळा घडतं. कुणीतरी सर्व्हरवर "जरा साफसफाई" करतं: एक्सपोर्ट केलेला फोल्डर पुसतं, त्याच नावाचा नवा तयार करतं आणि बॅकअपमधून फायली परत आणतं. डिस्क तीच, यूयूआयडी तोच. पण डिस्कच्या पोटातला एखादा फोल्डर एक्सपोर्ट केलेला असला की त्याची खूण यूयूआयडी आणि त्याचा आयनोड नंबर मिळून बनते, आणि नव्या फोल्डरचा आयनोड वेगळा असू शकतो. हे डोळ्यांनी पाहता येतं. सर्व्हरवर पुसण्याआधी आणि नंतर एवढंच द्या:

```
ls -lid /srv/data/pul
```

ओळीच्या सुरुवातीचा आकडा म्हणजे आयनोड. तो बदलला की मशीन अडकणार. नेमका तोच आकडा नव्या फोल्डराला परत मिळाला तरी पिढी बदललेली असते, त्यामुळे आतल्या उघड्या फायली वाचत नाहीत. म्हणून रिकामा करायचा तर फोल्डर पुसू नये, त्याच्या आतलं पुसावं. उतरवताना फोल्डर बदलू नये, त्याच्या पोटात भरावं. सामान हलवा, भिंती पाडू नका.

आणि मी शनिवारी काय करायला हवं होतं? खरं तर फायली उतरवायलाच नको होत्या. डिस्कची डिस्क, ठोकळ्यामागून ठोकळा अशी नक्कल केली असती तर यूयूआयडी, आयनोड, पिढ्या सगळं जसंच्या तसं आलं असतं. मग `resize2fs` ने फाइलसिस्टिम नव्या डिस्कभर ताणली असती. सेवा थोडा जास्त वेळ बंद राहिली असती, कारण चार टेराबाइट वाचायला फिरत्या डिस्कला सात-आठ तास सहज लागतात. पण सोमवारी कुणाला काही कळलंही नसतं. एकच पथ्य, नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्क एकाच सर्व्हरला जोडून ठेवायच्या नाहीत. एकाच यूयूआयडीच्या दोन फाइलसिस्टिम दिसल्या की यंत्र कुठली उचलेल याचा भरवसा नसतो. आमची डिस्क एलव्हीएमखाली असती तर `pvmove` ने काम चालू असतानाच मजकूर सरकवता आला असता. ती नव्हती.

फाइल-बाय-फाइलच न्यायचं असेल, तर मशीनना आधी `/kaam` सोडायला लावावं, मग डिस्क बदलावी, मग पुन्हा जोडावं. हा क्रम इतका साधा आहे की कुणी पाळत नाही.

एक्सपोर्टच्या ओळीत `fsid=` लिहून ठेवणं हा तिसरा मार्ग. मी आता तो वापरतो:

```
/srv/kaam 192.168.10.0/24(rw,sync,no_subtree_check,fsid=21)
```

यामुळे मुळाच्या हँडलमध्ये यूयूआयडीऐवजी २१ हा आपण दिलेला आकडा जातो. उद्या डिस्क बदलली तरी आकडा तोच राहतो, आणि ext4 मध्ये मुळाचा आयनोड नेहमी २च असतो. त्यामुळे मशीनला मुळात काही बदललंय असं वाटत नाही, माउंट टिकतं आणि आतल्या फायली नावाने पुन्हा सापडतात. पण त्या क्षणी जी फाइल उघडी होती तिचं हँडल तरीही शिळं होणार. मॅडमचं गणित `fsid=` ने वाचलं नसतं. आणि एकच आकडा चुकून दोन एक्सपोर्टना दिला तर सर्व्हरला दोन्हींतला फरक कळत नाही, मग माझ्या पगारपत्रकाच्या भीतीला पुन्हा जागा मिळते.

तुमच्या ऑफिसात कधी हीच ओळ दिसली तर रीस्टार्टचं बटण दाबण्याआधी दोन प्रश्न विचारा. कुणाच्या मशीनवर लांबलचक काम चालू आहे का? आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, जुनी डिस्क अजून शाबूत आहे का? दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर थोडं थांबा आणि त्याला ती डिस्क आधी जोडू द्या.